दारालगतच्या किल्ल्या: चौथ्या मजल्यावरच्या टू-बीएचकेतल्या कामाच्या नोंदी

७ जून २०२५: पाहणी

पुण्यातल्या उपनगरातला फ्लॅट, चौथा मजला. घरात आजी, नवरा-बायको आणि कॉलेजला जाणारी मुलगी. सकाळी कामाला मावशी येतात, त्यांच्याकडेही एक किल्ली असते. मागणी एवढीच होती: दारापाशी किल्ल्यांसाठी हुक आणि एक छोटं कपाट.

पहिल्या दिवशी मोजमाप घेतलं नाही. किल्ल्या सध्या कुठे पडतात ते आधी बघितलं. दारातून आत आलं की १.१ मीटर रुंदीचा बोळ, डावीकडे चपलांचं कपाट, उजवीकडे स्विचबोर्ड आणि त्याच्या वर एमसीबीची पेटी. चपलांचं कपाट ९० सेंटिमीटर उंच आहे. माणूस आत येतो तेव्हा हातात पिशवी असते आणि चप्पल काढायला वाकायचं असतं, म्हणून हातातली किल्ली पहिल्या सपाट जागेवर टेकते. इथे ती जागा म्हणजे या कपाटाचा माथा. त्यावर आज दोन स्कूटरच्या किल्ल्या, घराचा एक जुडगा, वीजबिल आणि सुटे पैसे होते.

भिंतीवर याआधी चिकटवायचे प्लॅस्टिक हुक लावलेले होते. दोन पडलेत, तिसरा लोंबतोय. पडलेला हुक उलटा करून बघितला तर चिकटपट्टी शाबूत होती आणि तिच्यावर रंग आणि पांढऱ्या पुट्टीचा पापुद्रा होता. म्हणजे गोंद सुटला नव्हता, पुट्टी भिंतीपासून सुटली होती. प्लॅस्टिक इमल्शनच्या भिंतीवर हे नेहमीचं. रंगाचा थर पुट्टीवर, पुट्टी जिप्समवर, आणि यातला सगळ्यात कच्चा सांधा पहिला सुटतो. जास्त जाड, जास्त महागडी चिकटपट्टी घेतली तर जास्त मोठा पापुद्रा निघतो, एवढाच फरक. घरच्या किल्ल्यांचा जुडगा दीड-दोनशे ग्रॅमचा असतो. तो नुसता टांगलेला असता तर चिकटपट्टीने तगही धरला असता, पण किल्ली काढताना माणूस ती स्वतःकडे ओढतो आणि तो हिसका पापुद्र्याला सहन होत नाही. त्यामुळे या घरात चिकटवण्याचा मार्ग बंद.

९ जून: जागा ठरवली

या फ्लॅटला बाहेरून जाळीचा सेफ्टी डोअर आणि आत लाकडी मुख्य दार आहे. उन्हाळ्यात, किंबहुना वर्षभर दिवसा, मुख्य दार उघडं आणि जाळीचं बंद, असा घराचा रिवाज. कुरिअरवाला, इस्त्रीवाला, शेजारी, सगळे जाळीतून आत बघतात. म्हणून जागा बघायची ती बाहेरून. मुख्य दार पूर्ण उघडून, जाळीचं दार लावून आम्ही जिन्याच्या बाजूला उभे राहिलो आणि बोळातली कोणकोणती भिंत दिसते ते खडूने टिपलं.

उजवी भिंत पूर्ण दिसते. शिवाय तिच्यात एमसीबीच्या पेटीकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी आहेत, त्यामुळे तिथे भोक पाडायचा प्रश्नच नाही. डावी भिंतही दिसते. मुख्य दाराच्या बिजागरीकडची भिंत दार उघडलं की झाकली जाते, आणि तिथेच लावा असं सगळ्यांनाच सुचतं. ती जागा वाईट. दार उघडं असताना, म्हणजे दिवसभर, तिथपर्यंत हात जात नाही. आणि दार जोरात उघडलं की हँडल थेट हुकांवर आपटतं.

उरली ती कोपऱ्यापलीकडची जागा. दारापासून १३५ सेंटिमीटरवर डावी भिंत संपून हॉल सुरू होतो. कोपरा वळलं की जी भिंत हॉलकडे तोंड करून उभी आहे, ती बाहेरून अजिबात दिसत नाही. जाळीतून काठी घातली तरी ती सरळ जाते, कोपऱ्याला वळत नाही. ओल्या फरशीचा मॉप उलटा धरून, दांडीच्या टोकाला तारेचा आकडा बांधून करून बघितलं: चपलांच्या कपाटावरचा जुडगा जाळीच्या खालच्या फटीतून सहज ओढता आला, कोपऱ्यामागे मात्र काहीच हाताला लागलं नाही. घरच्यांना ही चाचणी मुद्दाम दाखवली. कपाटावर किल्ल्या ठेवू नका असं नुसतं सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग झाला.

आता अडचण अशी की कोपऱ्यावरचा हुक वाटेत दुसरा येतो, आणि पहिली सपाट जागा आहे तशीच आहे. सवयीला सांगून भागत नाही, जागाच बदलावी लागते. म्हणून चपलांच्या कपाटावर उतरता माथा बसवायचा ठरवला. माथा ३०० मिमी खोल आहे. मागच्या बाजूला १०० मिमी उंचीची पट्टी आणि पुढे शून्य, म्हणजे साधारण १८ अंशांचा उतार. वर चकचकीत सनमायका. ८० मिमीची पट्टी लावून बघितली तर जड जुडगा घसरला पण सुटी किल्ली थांबली. १०० वर दोन्ही घसरतात. मॅट सनमायका असेल तर हा उतारही पुरत नाही.

१० जून: किल्ल्यांची मोजदाद

जेवणाच्या टेबलावर घरातल्या सगळ्या किल्ल्या ओतल्या. फ्रिजवरची वाटी, देवघराचा खण, मुलीची जुनी पर्स, शिवणाचा डबा, कुठूनकुठून आल्या. एकेक किल्ली तिच्या कुलपाला लावून बघितली. हे काम कंटाळवाणं आहे, पण कपाट किती हुकांचं करायचं ते याशिवाय कळत नाही.

निघालं ते असं. मुख्य दाराच्या नाइट लॅचच्या चार. सेफ्टी डोअरच्या तीन, त्यातली एक रस्त्यावरच्या किल्लीवाल्याने कानशीने घासून केलेली. दोन स्कूटरच्या प्रत्येकी दोन, कारच्या दोन. लेटरबॉक्स, सायकल, कोरड्या बाल्कनीचं कुलूप. लोखंडी कपाट आणि त्याच्या आतल्या लॉकरच्या. साताऱ्याकडच्या गावच्या घराच्या दोन थोरल्या किल्ल्या. बेडरूमच्या खिडकीच्या ग्रिलला आपत्कालीन दार आहे, त्याच्या कुलपाची एक. शिवाय कशालाच लागत नाहीत अशा बऱ्याच.

बिनवारशी किल्ल्या फेकल्या नाहीत. झिपच्या पिशवीत घालून वर आजची तारीख लिहिली. डिसेंबरपर्यंत कुणी विचारलं नाही तर भंगारात.

मग वाटणी केली. रोज बाहेर जाणाऱ्या किल्ल्या उघड्या हुकांवर. घरातच राहणाऱ्या जोडकिल्ल्या कपाटात. लोखंडी कपाट आणि लॉकरच्या किल्ल्या दारापाशी येणारच नाहीत, त्या बेडरूममध्येच राहतील, आणि कुठे ते आम्हालाही सांगू नका असं सांगितलं.

ग्रिलच्या दाराची किल्ली सर्वांत महत्त्वाची, आणि ती शिवणाच्या डब्यात सापडली. ही किल्ली कधीच प्रवेशदाराशी ठेवायची नाही. ग्रिलचं दार लागणार ते मुख्य दाराची वाट धुराने बंद झाली तर, आणि तेव्हा किल्ली आणायला धुरातच जावं लागेल. बेडरूमच्या वॉर्डरोबच्या बाजूला, खिडकीपासून दीड मीटरवर, वेगळा हुक मारला. किल्लीला लाल नाडी बांधली म्हणजे हाताला अंधारातही लागते. कुलूप गंजलं होतं. त्यात तेल न घालता ग्राफाइटची पूड फुंकली, कारण तेलात धूळ बसून चिखल होतो. तरी किल्ली अडकत होती, म्हणून शेवटी पितळी कुलूप नवीन घेतलं.

१२ जून: कपाटाचं माप आणि कटिंग

प्लाय बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या दर्जाचा, १२ मिमी. पाठीला ६ मिमी. एमडीएफ नको. पावसाळ्यात बाहेरून आलेली ओली किल्ली आत टांगली जाते, आणि एमडीएफची कड एकदा फुगली की दार लागत नाही.

बाहेरून रुंदी ३००, उंची ३६०, खोली ७५ मिमी, त्यावर दार वेगळं १२ मिमीचं. आतली रुंदी २७६ मिळते. सर्वसाधारण चूक होते ती पाठीत: ६ मिमीच्या पाठीला थेट कप हुक पिळतात. कप हुकचा आट्यांचा भाग १० ते १२ मिमी असतो. तो पाठीतून आरपार जाऊन भिंतीला टेकतो, आणि धरायला लाकूड जेमतेम सहा मिमी. चार महिन्यांत हुक फिरायला लागतो. म्हणून पाठीच्या पुढे, कपाटाच्या आत, ५० मिमी रुंदीच्या १२ मिमी प्लायच्या दोन आडव्या पट्ट्या लावल्या. हुक या पट्ट्यांत, आणि कपाट भिंतीला धरणारे स्क्रूही याच पट्ट्यांतून. पट्टी धरून आत ५७ मिमी मोकळी खोली उरते. हुक २० मिमी पुढे येतो, त्यावर जुडग्याची जाडी, तरी दार लागताना किल्ली दाराला टेकत नाही.

पहिली ओळ आतल्या माथ्यापासून ४० मिमीवर, दुसरी १६० वर. दोन ओळींमधलं अंतर १२० ठेवलं, कारण हुक, कडी आणि लांब किल्ली मिळून ९५ ते १०० मिमी लोंबतं. वरच्या ओळीत सहा हुक, ४५ मिमी अंतराने. खालच्या ओळीत पाचच, वरच्या दोन हुकांच्या मधोमध येतील असे. सरळ एकाखाली एक लावले असते तर वरची किल्ली खालच्या हुकावर येऊन बसते आणि खालची काढताना दोन्ही हातात येतात. तळाशी ४० मिमी उंचीच्या ओठाचा कप्पा. त्यात कारची जाड रिमोटची किल्ली आणि पाकिटं.

दाराच्या आतून हुक नाहीत. दार उघडताना तिथल्या किल्ल्या झोका घेतात, बंद करताना आतल्यांवर आपटतात, आणि बिजागरीवर उगाच वजन येतं.

बिजागरीचा थोडा विचार करावा लागतो. नेहमीची ३५ मिमी वाटीची ऑटो बिजागरी १२ मिमीच्या दारात बसत नाही, वाटीचं भोक आरपार निघतं. दोन छोट्या साध्या बिजागऱ्या लावल्या तर १२ मिमी प्लायच्या कडेत स्क्रू थरांच्या मध्ये शिरतो आणि थर फाकतात. म्हणून पूर्ण उंचीची पियानो बिजागरी घेतली. स्क्रू बारीक, १२ मिमी लांबीचे, पण दर पाच सेंटिमीटरवर एक, त्यामुळे भार वाटला जातो. प्रत्येक स्क्रूआधी दीड मिमीचं भोक. हे भोक टाळलं तर कड फाटलीच म्हणून समजायची.

कपाटाला कुलूप घालायचं का, असं घरून विचारणं झालं. नाही घातलं. कुलूप घातलं की त्याची किल्ली कुठे ठेवायची हा नवा प्रश्न, आणि तिचं उत्तर बहुतेक घरांत ‘कपाटाच्या माथ्यावर’ असंच असतं. शिवाय दारालगत कुलूपबंद पेटी दिसली की आत काहीतरी आहे हे सांगायला नको. चुंबकाची एक पकड पुरते.

१४ जून: भिंत आणि बसवणी

कोपऱ्यापलीकडच्या भिंतीवर हॉलचा स्विचबोर्ड आहे. बोर्डातून वायरीची नळी साधारणपणे सरळ वर स्लॅबकडे जाते, म्हणून बोर्डाच्या रुंदीचा वरपर्यंतचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर सोडले. ‘साधारणपणे’ म्हटलं, कारण घाईत काम उरकणारा इलेक्ट्रिशियन तिरका खाचाही मारतो. वायर डिटेक्टर फिरवून बघितला. भोकं पाडताना हॉलचा एमसीबी खाली केला आणि ड्रिल बॅटरीवरचं वापरलं. भिंतीपलीकडे बेडरूमचा वॉर्डरोब आहे, बाथरूम नाही, म्हणून ओल किंवा पाण्याच्या पाइपाचा प्रश्न आला नाही. बाथरूमची भिंत असती तर ही जागा सोडली असती.

एक भोक खूण म्हणून ५ मिमीचं पाडलं आणि भुकटी कागदावर घेतली. पहिले १२ मिमी पांढरी शुभ्र, मऊ: जिप्सम. पुढे राखाडी पांढरी, दाणेदार, बिट लोण्यात गेल्यासारखं: सिपोरेक्स म्हणतात तो हलका एएसी ब्लॉक. लाल भुकटी आली असती तर विटा, आणि बिट अडून राखाडी पीठ आलं असतं तर काँक्रीट. पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरांत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती बऱ्याच ठिकाणी असतात, तिथे हॅमर ड्रिलशिवाय चालत नाही. इथे उलट, हॅमर बंद ठेवायचा. ठोके बसले की हलक्या ब्लॉकमध्ये आठचं भोक दहाचं होतं आणि स्क्रू धरणारी गिट्टी नुसती फिरते.

८ मिमीची ५० मिमी लांब नायलॉनची गिट्टी घेतली. ती भिंतीच्या तोंडाशी ठेवून भागत नाही, कारण पहिले १२ मिमी जिप्समचे आहेत आणि त्यांना काही पकड नाही. गिट्टी ठोकून आणखी १२ मिमी आत सारली, म्हणजे पूर्ण लांबी ब्लॉकमध्ये बसली. मग स्क्रूचा हिशेब: पट्टी १२, पाठ ६, जिप्सम १२, गिट्टी ५०, एकूण ८० मिमी. ५ मिमी जाडीचा, ८० लांबीचा स्क्रू. भोकाची खोली ७५ मिमीवर बिटाला चिकटपट्टी गुंडाळून ठेवली, कारण ब्लॉक १०० मिमीचा आहे आणि पलीकडे वॉर्डरोबच्या पाठीत बिट निघायला नको. वरच्या पट्टीत दोन स्क्रू, खालच्या पट्टीत एक. रिकामं कपाट सव्वादोन किलोच्या आसपास, किल्ल्या धरून साडेतीन. यासाठी तीन स्क्रू भरपूर आहेत.

पहिला स्क्रू पूर्ण आवळला, दुसरा अर्धा, मग लेव्हल लावून दुसरा आवळला. स्क्रू आवळताना शेवटच्या दोन फेऱ्या हातानेच. मशीनने आवळत राहिलं की हलक्या ब्लॉकमध्ये गिट्टी मागे खेचली जाते, आणि ते लक्षात येतं ते स्क्रू अचानक सैल फिरल्यावरच.

बिजागरी प्रवेशदाराकडच्या बाजूला ठेवली. दार उघडलं की तेच आडोसा होतं, बोळात उभ्या माणसाला आत काय टांगलंय ते दिसत नाही.

कपाटाच्या शेजारी, कोपऱ्यापासून २० सेंटिमीटरवर, रोजच्या हुकांची पट्टी: १८ मिमी प्लाय, ४०० बाय ९०, सनमायका लावलेली, पाच स्टेनलेस हुक ७५ मिमी अंतराने. हे अंतर कपाटातल्यापेक्षा जास्त, कारण रोजच्या जुडग्यांना किचेन, रिमोट, काय काय असतं. पट्टी मुद्दाम उभी रुंद घेतली. पावसातून आलेल्या स्कूटरच्या किल्लीचं पाणी भिंतीवर ओघळतं आणि इमल्शनवर काळी रेघ उठते. ती आता सनमायकावर उतरते, पुसली की गेली. उंचीबद्दल आजींनी निकाल दिला: “एवढ्या वर नका लावू, खांदा दुखतो माझा.” १५० सेंटिमीटर ठरवली होती ती १३५ केली. कपाटाचा मध्य १५० वर, त्यात आजींना रोज हात घालायचा नाही.

१५ जून: जोडकिल्ल्या कुठे

जोडकिल्ली घराबाहेर लागते ती मुख्यतः एकाच प्रसंगी. नाइट लॅच दार ओढलं की आपोआप लागतं, आणि जिन्यातल्या वाऱ्याला दार लावायला आपली परवानगी लागत नाही. कचरा ठेवायला दोन पावलं बाहेर गेलेला माणूस बाहेरच राहतो. तेव्हा पायपुसणं, कुंडी, चपलांचा रॅक, मीटरची पेटी, डक्टचं दार या जागा सगळ्यांना सुचतात, म्हणजे चोरालाही सुचतात. सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्येही नको. तिथे पाळ्या बदलतात, आणि किल्ली कुणाच्या हातून कुणाकडे गेली याची नोंद राहत नाही.

या घराची वाटणी अशी झाली. चार लॅचच्या किल्ल्यांपैकी तीन घरच्यांच्या रोजच्या जुडग्यांत, आजींसाठी आणि मावशींसाठी दोन नवीन करून घ्यायच्या, आणि मूळची चौथी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. काकू दिवसभर घरी असतात आणि त्या याच जिन्याने येतात-जातात म्हणून त्यांची निवड. किल्ली बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर सही. बाहेर फ्लॅट नंबर किंवा आडनाव लिहिलेलं नाही, फक्त एक रंगीत ठिपका. पाकीट फुटलं की कळतं आणि काकूंवरही विनाकारण संशय येत नाही.

किचेनवर पत्ता लिहायची सवय मोडायला सांगितली. हरवलेली किल्ली पत्त्यासकट सापडली तर ती परत येईलच असं नाही, पण कुणीतरी येऊ शकतं. कपाटातल्या हुकांना नुसते आकडे दिले आहेत. कुठला आकडा कशाचा, याचा कागद स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या कपाटाच्या दारामागे.

गाड्यांच्या नव्या किल्ल्यांसोबत बहुतेकदा नंबर कोरलेली छोटी पट्टी येते. ती किल्लीच्या कडीतून काढून गाडीच्या कागदपत्रांत ठेवली. किल्ली हरवली तर त्या नंबरावरून नवी मिळवता येते, पण नंबर किल्लीसोबतच हरवला तर उपयोग काय. तसाच किल्लीचा फोटोही कुणाला पाठवू नये, दात दिसत असतील तर त्यावरूनही किल्ली कापता येते.

१७ जून: नवीन किल्ल्या आणि एक नापास

लॅचच्या दोन किल्ल्या मशीनवर कापून आणल्या. मूळ किल्लीवरून कापायला सांगितलं होतं. नकलेवरून नक्कल केली की पहिल्या नकलेतली चूक दुसरीत जमा होते, आणि झिजलेली मूळ किल्ली दिली तर झीजही तंतोतंत उतरते. म्हणून काकूंच्या पाकिटातली, कधीच न वापरलेली चौथी किल्ली नमुना म्हणून नेली, आणि परत आल्यावर नव्या पाकिटात बंद केली.

चाचणी नेहमी दार उघडं ठेवूनच. कुलपाची जीभ बाहेर काढून किल्ली घालायची, फिरवायची, काढायची, आतून आणि बाहेरून. नवीन किल्लीच्या दातांना कापल्याची खरखरीत कड राहिलेली असते. ती बारीक कानशीने एकदा उतरवली नाही तर तोच लोखंडी किंवा पितळी कचरा कुलपात पडतो.

एक किल्ली सुरळीत चालली. दुसरी पूर्ण आत गेल्यावर फिरेना, केसभर मागे ओढली की फिरते. ही खूण ओळखू यायला हवी: दातांची खोली बरोबर आहे, पण मशीनमध्ये धरताना किल्लीचा खांदा सरकला आणि सगळे दात एकदम पुढेमागे झाले. अशी किल्ली ‘हाताला बसेल’ म्हणून ठेवायची नाही. आजींच्या हाताला ती रात्री बसणार नाही. परत नेली, बदलून मिळाली. सेफ्टी डोअरची कानशीवरची जुनी किल्लीही अशीच दोनदा हलवल्यावर लागत होती. ती मोडीत काढली.

सेफ्टी डोअरचं कुलूप वेगळ्या प्रकारचं, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणाऱ्या सिलिंडरचं. रात्री आतून कुलूप लावून किल्ली तशीच आत ठेवायची, अशी घराची सवय. या साध्या सिलिंडरमध्ये आत किल्ली असली की बाहेरून दुसरी किल्ली पूर्ण जात नाही. मुलगी उशिरा आली तर तिच्याकडे किल्ली असूनही बेल वाजवावीच लागते. किल्ली काढून ठेवली तर उलटी भीती, घाईत बाहेर पडायचं तर आधी किल्ली शोधायची. दिवसा आजी एकट्या असतात आणि बाहेरून कुलूप लावून जायची पद्धत आहे, तेव्हा ही भीती जास्त.

उपाय म्हणून आत नॉब आणि बाहेर किल्ली, असा सिलिंडर सुचवला. पण नॉबचीही अट आहे: दार जाळीचं, त्यामुळे बाहेरून तार घालून नॉब फिरवता येतो. म्हणून कुलपाभोवती आतून २०० बाय २०० मिमीचा पत्रा लावायचा. जुना सिलिंडर काढायला दाराच्या कडेचा एकच लांब स्क्रू सोडवावा लागतो, मग किल्ली थोडीशी फिरवली की आतला दात सिलिंडरच्या अंगाच्या रेषेत येतो आणि सिलिंडर सरकतो. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंची लांबी मोजली: ३० आणि ३०. बाहेरच्या बाजूला सिलिंडर कुलपाच्या पट्टीच्या पुढे दोन-तीन मिमीपेक्षा जास्त येता कामा नये, जास्त आला तर पकडीत धरून मोडता येतो. मागणी नोंदवली, पत्रा फॅब्रिकेटरकडे दिला.

तोपर्यंत आजींची सेफ्टी डोअरची किल्ली पट्टीच्या पहिल्या हुकावर. तो हुक फक्त तिच्यासाठी, आणि त्यावरची किल्ली घराबाहेर जात नाही.

६ जुलै: पाऊस लागल्यानंतरची फेरी

उतरता माथा काम करतोय. पहिल्या आठवड्यात किल्ल्या जमिनीवर पडायच्या आणि त्यावरून बोलणीही झाली म्हणे, आता हुकावर जातात. वीजबिलं मात्र डायनिंग टेबलावर सरकली आहेत, तो आमचा विषय नाही.

हुकांच्या पट्टीवर ओली छत्री टांगलेली सापडली. तिचं पाणी शेजारच्या किल्ल्यांवर ठिबकून लेटरबॉक्सच्या किल्लीला गंजाचा ठिपका पडला होता, आणि छत्रीच्या वजनाने शेवटचा हुक अर्धा फेरा फिरला होता. छत्रीसाठी सेफ्टी डोअरच्या बाहेरच्या भिंतीवर वेगळा जाड हुक मारला, खाली बादली. फिरलेला हुक काढला, भोकात काडेपेटीची काडी फेव्हिकॉल लावून ठोकली, सुकल्यावर हुक पुन्हा पिळला.

कपाटात वास आला म्हणून पाठीमागे हात घालून बघितलं, भिंत कोरडी. वास ओल्या कापडी किचेनचा होता.

सेफ्टी डोअरचा नॉबवाला सिलिंडर आणि पत्रा बसला. बाहेर उभं राहून तार घालून बघितली, नॉबपर्यंत पोचली नाही. नव्या सिलिंडरसोबत पाच किल्ल्या आल्या. जुन्या उरलेल्या दोन्ही गोळा करून वेगळ्या काढल्या, कारण त्यातली एक अजून मावशींच्या जुडग्यात होती आणि ‘चालत नाही’ म्हणून तक्रार आली असती.

१० ऑगस्ट: उरलेली कामं

कारची दुसरी रिमोट किल्ली कपाटाच्या तळच्या कप्प्यात होती. बटण दाबलं, दार उघडलं नाही. सेल उतरला होता. सीआर २०३२ बदलला, मग उघडलं. गाडीत बसून इंजिनही चालू करून बघितलं, कारण दार उघडणारं रिमोट आणि इंजिनाला लागणारी चिप ही दोन वेगळी कामं आहेत आणि एक चालतं म्हणून दुसरं चालेलच असं नाही. पुढची तपासणी दिवाळीच्या साफसफाईत करायची, कपाटाच्या दारामागे तशी चिठ्ठी लावली.

मावशी महिनाअखेर काम सोडणार आहेत. किल्ल्या परत घेऊन भागत नाही, मधल्या काळात नक्कल झाली का ते कुणालाच कळत नाही. कुणावर आळ नको आणि शंकाही नको, म्हणून नव्या मावशी येण्याआधी सेफ्टी डोअरचा सिलिंडर पुन्हा बदलायचा. पूर्ण कुलूप बदलायची गरज नाही. माप तेच, ३०-३०, नॉब आतून. लॅच तसंच राहील, पण नव्या मावशींना फक्त सेफ्टी डोअरची किल्ली मिळेल. त्यांच्या वेळेला मुख्य दार उघडंच असतं.